भट्टी ओळखीची, पण कॅन कुणाचा?

पत्र

माझे दीर आणि त्यांचे तीन-चार मित्र दर शनिवारी गावठी घेतात. भट्टीवाला ओळखीचा आहे, म्हणून त्यांना काही भीती वाटत नाही. ते म्हणतात, नवसागर जास्त पडला तरच दारू विषारी होते, पहिली धार टाकून दिली की विष निघून जातं, आणि काडी लावल्यावर निळी ज्योत दिसली म्हणजे माल चोख. मुंबईत मालवणीला माणसं मेली ती तिथल्या भेसळीने, कोकणात तसं होत नाही, असंही म्हणतात. हे कितपत खरं? आणि एखाद्या रात्री काही झालंच तर काय करायचं? आमच्या गावातून रत्नागिरी दोन तासांवर आहे.

— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर

ताई, माणसाला आंधळं करणारं मिथेनॉल गुळाच्या भट्टीत जवळजवळ तयारच होत नाही. ते बाहेरून, कॅनमधून येतं. एवढं लक्षात आलं की बाकीच्या बऱ्याच समजुती आपोआप गळून पडतात.

आधी भट्टीचं पाहू. काळा गूळ पाण्यात कालवून पिंपात आंबवतात. पोलिसांच्या पंचनाम्यात ज्याला रसायन म्हणतात, ते हेच. त्यातलं यीस्ट साखर खातं आणि तिचं इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड करतं. इथेनॉल म्हणजे आपण ज्याला दारू म्हणतो ते. साखरेपासून यीस्ट मिथेनॉल करत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो यीस्टला नायट्रोजन पुरवतो, म्हणून आंबवण जोरात चालतं. तो जास्त पडला तर चव बिघडेल, पोटाला त्रास होईल, पण त्याचं मिथेनॉल होण्याचा काही मार्गच नाही. पिंपात पडणाऱ्या इतर घाणीबद्दलही तेच. त्या घाणीने माणूस आजारी पडू शकतो, पण दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरं होण्याचं कारण ती नव्हे.

मिथेनॉल थोडंसं तयार होतं ते फळांत. फळाच्या गरात पेक्टिन असतं, जॅम ज्याच्यामुळे घट्ट होतो तेच. आंबवताना फळातली एन्झाइम्स पेक्टिन फोडतात आणि त्यातून थोडं मिथेनॉल सुटतं. काजूच्या बोंडाच्या रसातही पेक्टिन आहे, तेव्हा हुर्राक आणि फेणीत मिथेनॉलचा अंश असणारच. किती? युरोपात फळांच्या दारूला एका लिटर शुद्ध अल्कोहोलमागे साधारण 10 ग्रॅमपर्यंत मिथेनॉल चालतं. या मर्यादेला अगदी टेकलेली, 40 टक्के तीव्रतेची दारू धरा. तिच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल 72 मिली आणि मिथेनॉल पाऊण ग्रॅमच्या आत. शिवाय त्याच क्वार्टरमध्ये भरपूर इथेनॉल असतं, आणि ते मिथेनॉलच्या विषाला काही काळ रोखून धरतं. ते कसं, ते पुढे येईल. काजूच्या दारूचे तोटे भरपूर आहेत, पण नुसत्या बोंडापासून काढलेल्या दारूने गावची गावं आंधळी झाली, असं होत नाही.

आता पहिल्या धारेचं. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं, इथेनॉल 78 अंशांच्या जरा वर. त्यावरून असं वाटतं की मिथेनॉल आधी निघून जाईल आणि मागे चोख माल राहील. ते दोन्ही शुद्ध द्रव वेगवेगळे उकळले तर ठीक. भट्टीत मात्र ते भरपूर पाण्यात मिसळलेले असतात, आणि पाण्यासोबत मिथेनॉल इतक्या सहज सुटत नाही. ते पहिल्या धारेत येतं, मधल्या धारेत येतं आणि शेवटच्या पातळ धारेतही येतं. साध्या हंडीला आणि नळीला ते वेगळं काढणं जमत नाही, त्यासाठी कारखान्यातले उंच मनोरे लागतात. पहिली धार टाकली तर उग्र वासाचे काही पदार्थ कमी होतात, एवढंच. आणि खरं सांगायचं तर ती टाकतो कोण? "पहिल्या धारेची" म्हणून तीच जास्त भावाने खपते.

मग विष येतं कुठून? मिथेनॉल हा कारखान्याचा माल आहे. औषधं, रंग, थिनर, प्लायवूड चिकटवायचं रेझिन, अशा असंख्य ठिकाणी ते लागतं आणि टँकरने, ड्रमने देशभर फिरतं. ते पाण्यासारखं स्वच्छ असतं, वास स्पिरिटचाच, पाण्यात कितीही मिसळा, गढूळ होत नाही. इथेनॉलवर दारूचा कर आणि कडक हिशेब असतो. मिथेनॉल पिण्यासाठी नसल्यामुळे त्याच्यावर तसला कर नाही, म्हणून ते स्वस्त पडतं. गोदामातून किंवा टँकरमधून ते चोरलं गेलं की बाजारात त्याला फक्त "स्पिरिट" म्हणतात. इथेनॉललाही स्पिरिटच म्हणतात. विकणाऱ्याला फरक ठाऊक असतो किंवा नसतो, पण खरेदी करणाऱ्या छोट्या विक्रेत्याला तो बहुतेक वेळा ठाऊक नसतो.

त्याचं गणित साधं असतं. भट्टी लावायची तर गूळ हवा, पिंपं हवीत, आंबवायला दिवस हवेत, लाकूड हवं, आणि धूर लांबून दिसतो. कॅनमधलं स्पिरिट ओतून पाणी घातलं की काम एका तासात संपतं. भट्टीवर छापा पडला, गूळ मिळेना, किंवा शिमग्याला आणि गणपतीला मागणी दुप्पट झाली, की तुमच्या ओळखीचा माणूस बाहेरून कॅन घेऊन माल वाढवू शकतो. तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याचा कॅनवाल्यावर तेवढाच विश्वास असतो, जेवढा तुमच्या दिरांचा त्याच्यावर. म्हणून "भट्टी कुणाची" यापेक्षा "आजचा माल खरंच भट्टीतून उतरला का, की त्यात कॅन पडला" हा प्रश्न जास्त कामाचा आहे. आणि त्याचं खात्रीशीर उत्तर गिऱ्हाईकाला मिळत नाही.

मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभरहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. गुजरातेत बोटाद भागात जुलै 2022 मध्ये गोदामातून चोरलेलं मिथेनॉल पाणी घालून विकलं गेलं आणि चाळीसहून जास्त माणसं दगावली. त्यात तर दारू अशी जवळजवळ नव्हतीच. मालवणी आणि बोटाद या दोन्ही जागांमध्ये समान काय, तर कॅन. कॅन जिथे पोचू शकतो तिथे हे होऊ शकतं, आणि मुंबई-गोवा महामार्गावरून टँकर रोज जातात. कोकणाला यातून वेगळं काढायचं कारण आम्हाला तरी दिसत नाही.

ज्योतीच्या परीक्षेबद्दल. मिथेनॉलही फिकट निळ्या ज्योतीनेच जळतं, उजेडात तर ती दिसतही नाही. तेव्हा निळी ज्योत दिसली याचा अर्थ एवढाच की त्या बाटलीत जळण्याइतकं कुठलंतरी अल्कोहोल आहे. तीव्रता मोजायचा हायड्रोमीटर वापरणारेही फसतात, कारण तो फक्त घनता बघतो आणि दोन्ही अल्कोहोलची घनता जवळजवळ एकच आहे. 20 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के इथेनॉल त्याच्यासाठी सारखंच. वासाने, चवीने, घशाला लागणाऱ्या जळजळीने कुणालाच सांगता येत नाही. आणखी एक पद्धत ऐकू येते: एकाने आधी पिऊन बघायचं, त्याला काही झालं नाही तर बाकीच्यांनी प्यायचं. यात सगळ्यात मोठी फसगत आहे, कारण मिथेनॉलचा त्रास सुरू व्हायला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात. खात्री करायची तर ती प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीनेच होते.

हा उशीर का होतो, ते समजून घ्या. सगळं प्रकरण त्यातच आहे.

मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नाही. नशा थोडी देतं, इथेनॉलपेक्षा कमीच. पण यकृतातलं एक एन्झाइम, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं आणि लगेच दुसरं एन्झाइम त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. फॉर्मिक आम्ल हेच मारणारं विष. शरीर ते फोलेट जीवनसत्त्वाच्या मदतीने हळूहळू काढून टाकतं, पण माणसात हा वेग अगदी कमी असतो. म्हणून ते साचत जातं.

इथेनॉल आणि मिथेनॉल एकाच एन्झाइमच्या दारात उभे असतात, आणि त्या एन्झाइमला इथेनॉल कितीतरी जास्त प्रिय आहे. जोवर रक्तात पुरेसं इथेनॉल आहे, तोवर मिथेनॉल बाहेर थांबून राहतं. त्याचं आम्ल होत नाही, आणि माणूस ठीक दिसतो. इथेनॉल संपलं की मिथेनॉलचा नंबर लागतो.

एक हिशेब करून पाहू. साठ किलोचा माणूस शनिवारी रात्री आठला एक क्वार्टर पितो, 180 मिली. त्यात 20 टक्के मिथेनॉल आणि 15 टक्के इथेनॉल आहे असं धरा. मिथेनॉल झालं 36 मिली, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. मघाच्या फळांच्या दारूच्या क्वार्टरमधल्या मिथेनॉलच्या चाळीसपट. ते शरीरातल्या साधारण 38 लिटर पाण्यात पसरतं, तेव्हा रक्तात त्याचं प्रमाण 100 मिलीमागे 74 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. डॉक्टर 20 च्या वर उपचार सुरू करतात आणि 50 च्या वर डायलिसिसचा विचार करतात, यावरून अंदाज घ्या. इथेनॉल झालं 27 मिली, सुमारे 21 ग्रॅम. रक्तात 100 मिलीमागे 55 मिलिग्रॅम. ते तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरतं, म्हणजे चार तासांत, मध्यरात्रीच्या सुमाराला, संपतं. तोवर हा माणूस फक्त झिंगलेला आहे. जेवतो, झोपतो.

मध्यरात्रीनंतर मिथेनॉलचं आम्ल व्हायला लागतं, तासाला साधारण 8 मिलिग्रॅमच्या वेगाने. सकाळी सात-आठला उठतो तेव्हा डोकं जड असतं, आणि तो म्हणतो, काल जास्त झाली. दहाला उलटी, पोटात कळ. दुपारी डोळ्यांपुढे धुकं आणि दम लागल्यासारखा श्वास. अंक माणसागणिक बदलतील, पण क्रम हाच राहतो. आणि त्यात इथेनॉल जास्त असेल, किंवा रविवारी सकाळी "उतारा" म्हणून आणखी एक क्वार्टर घेतली असेल, तर सगळं पुढे ढकललं जातं. त्रास सोमवारी किंवा मंगळवारीही दिसू शकतो. एकाच कॅनमधून प्यायलेल्या चौघांपैकी एक रविवारी आडवा होतो आणि दुसरा दोन दिवसांनी, याचं हे एक मोठं कारण. "त्याला काही झालं नाही, म्हणजे माल चांगला होता" हा निष्कर्ष म्हणून काढू नये.

किती मिथेनॉल घातक, याला एक पक्की रेघ नाही. शुद्ध मिथेनॉलचे दहा मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे, कायमचं अंधत्व द्यायला पुरे ठरल्याची नोंद आहे, आणि तीस मिलीच्या आसपास जीव गेला आहे. काहीजण याहून जास्त पिऊनही वाचतात, कारण इथेनॉल सोबत असतं किंवा ते वेळेत दवाखान्यात पोचतात.

डोळेच का जातात? फॉर्मिक आम्ल पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेत एका ठरावीक जागी जाऊन बसतं. तिथे ऑक्सिजन वापरणारं सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते बंद पडलं की रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही, ती आतल्या आत गुदमरते. ज्या पेशींना सतत भरपूर ऊर्जा लागते त्यांचं आधी मरण. डोळ्याचा पडदा आणि त्याच्या मागची दृष्टीची नस या त्यांपैकी. नस सुजते. सुरुवातीला रुग्ण सांगतो, सगळं पांढरं दिसतं, दाट धुक्यात उभं राहिल्यासारखं, किंवा उजेड सहन होत नाही. बाहुली मोठी होते आणि टॉर्च मारली तरी आकसत नाही, हे घरच्यांनाही दिसतं. वेळेत उपचार झाले तर दृष्टी बरीच परत येऊ शकते. नसेचे धागे मेले तर मात्र काही आठवड्यांनी ती नस फिकट पडते आणि ते अंधत्व परतवता येत नाही. मेंदूच्या आतल्या भागावरही असाच घाव बसतो, आणि वाचलेल्या काहीजणांना नंतर हातपाय ताठ होणं, चाल मंदावणं असा कंपवातासारखा त्रास राहतो.

मृत्यूचं कारण थोडं वेगळं. आम्ल साचलं की रक्त आंबट होतं. शरीर ते भरून काढायला श्वास जोरात आणि खोल घेऊ लागतं. छातीत काही नसताना माणूस धावून आल्यासारखा श्वास घेतो, तो याच कारणाने. पेशी गुदमरल्या की आणखी एक आम्ल, लॅक्टिक, तयार होतं आणि रक्त अजून आंबट होतं. रक्त जितकं आंबट, तितकं फॉर्मिक आम्ल पेशींत आणि मेंदूत जास्त शिरतं. हे चक्र एकदा जोरात फिरायला लागलं की झटके येतात, शुद्ध जाते, मेंदू सुजतो आणि शेवटी श्वास थांबतो. बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात पोचलेल्यांपैकी पुष्कळजण वाचत नाहीत. शुद्धीवर पोचलेल्यांची शक्यता कितीतरी चांगली.

आता तुमच्या दोन तासांच्या रस्त्याकडे.

साध्या हँगओव्हरशी फरक करायचा तर दिशा बघा. हँगओव्हर उठल्याबरोबर सर्वांत वाईट असतो आणि दुपारपर्यंत उतरतो. मिथेनॉल उलटं वागतं: सकाळी बरं, मग तासागणिक वाईट. गावठी पिऊन काही तास उलटल्यावर, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, कुणाला पोटदुखी, उलट्या, डोकेदुखी वाढत गेली, दिसण्यात काहीही बदल झाला, किंवा श्वास खोल आणि जलद झाला, तर सकाळची वाट बघू नका. दिसण्याची तक्रार एकटी आली तरी पुरे.

108 ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत बराच वेळ लागणार असेल तर गावातली गाडी काढा आणि तिला वाटेत गाठायचं ठरवा. उलटी काढायचा प्रयत्न नको, मिथेनॉल पोटातून फार लवकर रक्तात जातं, आणि अर्धवट शुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. लिंबू, ताक, मीठपाणी, कॉफी यांचा उपयोग नाही. कोळसाही नाही, कारण तो अल्कोहोल धरून ठेवत नाही. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, तोंड किंचित खाली. झटके आले तर तोंडात काही घालू नका.

इथे एक शंका तुमच्या दिरांना नक्की येईल: इथेनॉल विषाला रोखतं म्हणता, तर मग अजून दारू पाजली तर? दवाखान्यात इथेनॉल हेच औषध म्हणून देतात, हे खरं. पण तिथे तीव्रता माहीत असलेलं, शुद्ध इथेनॉल मोजून देतात, रक्तात 100 मिलीमागे 100 मिलिग्रॅमच्या आसपास पातळी कित्येक तास टिकवून ठेवतात, आणि सोबत श्वास, साखर आणि आम्ल यांवर नजर असते. घरी त्याच कॅनमधली दारू पाजली तर आणखी मिथेनॉल पोटात जाईल. दुकानातली सीलबंद पाजली तर त्रास लपेल, श्वास दबेल, आणि शरीरात आधी साचलेलं आम्ल जाग्यावरच राहील. वाट फार लांबची असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर पुढच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून तोंडाने किंवा नाकातल्या नळीने इथेनॉल सुरू करायचा निर्णय घेऊ शकतात. तो निर्णय त्यांचा.

डॉक्टरांसमोर लपवू नका. दारू परवान्याशिवाय प्यायली, केस होईल, या धास्तीने माणसं फक्त "पोटात दुखतंय" सांगतात, आणि मग अॅसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी परततात. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत. सरळ म्हणा: "गावठी प्यायलेत, मिथेनॉलची शंका आहे." किती वाजता प्यायले, किती प्यायले, आणखी काही घेतलं का आणि त्रास केव्हा सुरू झाला, हे कागदावर लिहून न्या. उरलेली दारू बाटलीत घट्ट बूच लावून सोबत ठेवा.

निघण्यापूर्वी रत्नागिरीच्या रुग्णालयाला फोन करून एकच प्रश्न विचारा: रात्री डायलिसिस सुरू होईल का? कारण डायलिसिसचं यंत्र मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल दोन्ही रक्तातून काढून टाकतं, आणि गंभीर रुग्णासाठी तोच मुख्य उपाय आहे. त्याच्या जोडीला शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि फोलिनिक आम्ल किंवा फोलिक आम्ल देतात, त्याने फॉर्मिक आम्ल लवकर फुटतं. मिथेनॉलचं आम्ल होणं थांबवणारं फोमेपिझोल नावाचं औषध आहे, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून इथेनॉलवरच भिस्त असते.

रक्तातलं मिथेनॉल मोजायची सोय बहुतेक तालुक्यांत नसते. ती नसेल तरी चालतं. सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट या साध्या तपासण्यांतून धागा लागतो. सोडियममधून बाकी दोन वजा केले की जो आकडा उरतो तो साधारण 8 ते 12 असावा. समजा सोडियम 140, क्लोराइड 100 आणि बायकार्बोनेट 8 आलं, तर उरले 32. रक्तात न मोजलेलं भरपूर आम्ल साठलंय, आणि मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं नसेल तर गावठीचा इतिहास पुरेसा बोलका आहे. अहवालाची वाट न बघता उपचार सुरू करण्यासारखी ही परिस्थिती. मात्र अगदी लवकर, मिथेनॉलचं आम्ल व्हायच्या आधी, रुग्ण पोचला तर हा आकडा सामान्यही येतो. म्हणून एक चाचणी चांगली आली की घरी सोडणं योग्य नाही, काही तासांनी ती पुन्हा करायला हवी.

हे सगळं एका रुग्णासाठी. त्या रात्री तीच दारू घेतलेले बाकीचे तीन-चार मित्र, ज्यांना अजून काहीच होत नाही, त्यांनाही त्याच गाडीत घालून न्या. त्यांना काही होत नसणं, त्यांच्या रक्तात अजून इथेनॉल शिल्लक आहे एवढंच दाखवत असू शकतं. आम्ल तयार होण्याआधी उपचार सुरू झाले तर डोळा आणि मेंदू दोन्ही वाचतात. आणि ज्या कॅनमधून दारू आली, तिथून आणखी कुणी कुणी नेली, ते भट्टीवाल्याकडून त्याच रात्री विचारून घ्या. तो सांगायला कचरत असेल तर 112 वर पोलिसांना कळवा. तो माल आणखी कुणाच्या घरात गेला असेल, तिथले लोक अजून झोपलेले असतील, आणि त्यांच्याकडे काही तास असू शकतात.

दिरांनी पिणं सोडावं, हे आमचं मत. पण ते लगेच होणार नसेल, तर निदान गावठी आणि सुटी दारू बंद करून परवानाधारक दुकानातली सीलबंद घ्यावी. लोक गावठीलाच देशी म्हणतात, पण दुकानात देशी म्हणून जी सीलबंद बाटली मिळते ती वेगळी. तिला परवाना, बॅच आणि तपासणी असते. अर्थात बाटल्या पुन्हा भरून विकणारेही असतात, म्हणून बूच हलतं का, सील सलग आहे का आणि दुकान परवानाधारक आहे का, हे बघायचं. माडी-ताडी सुरक्षित, हाही समज सरसकट खरा नाही. झाडावरून उतरलेल्या ताज्या माडीत मिथेनॉलचा प्रश्न येत नाही, पण काही ठिकाणी ताडीची नशा वाढवायला क्लोरल हायड्रेट घालतात. त्याने माणूस काही तासांतच गाढ झोपतो, श्वास मंद होतो आणि तो उठत नाही. ते विष वेगळं, पण 108 चा नंबर तोच.